चुडाव्याचा उपाशी वाफा

आमच्या रामकिशनला 'नाही' म्हणता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. माझाच विद्यार्थी, आता आमच्याच कृषी विद्यापीठात मृदाशास्त्राचा सहायक प्राध्यापक, मूळचा ताडकळसचा. पोरगं हुशार, कष्टाळू, पण समोरच्यानं काही मागितलं की याची मान आधी हलते आणि डोकं मागून येतं.

एकदा त्यानं एकाच दिवशी तीन लग्नांत जेवण केलं होतं. तीन ठिकाणी पंगतीत बसून, तीन ठिकाणी जिलेबीचा आग्रह मोडवेना म्हणून ती खाऊन, दुसऱ्या दिवशी विभागात आला तो पिवळाफटक. मी विचारलं, दोन ठिकाणी नुसता आहेर देऊन निघता येत नव्हतं का? तर म्हणाला, "म्याडम, माणसं वाट बघायलीत म्हणल्यावर कसं निघावं?" विमा विकणाऱ्यांमध्ये तर त्याचा नंबर प्रसाद वाटल्यासारखा फिरतो. त्याच्या आईनं, धुरपदाबाईंनी, एकदा मला रडकुंडीला येऊन सांगितलं की ह्याला बाजारात पाठवलं की ज्यानं हाक मारली त्याच्याकडून हा भाजी घेतो, घरी मेथीच्या सोळा जुड्या.

असा हा माणूस, आणि त्याच्या हाताखाली पीएचडीला संघप्रिया. आता संघप्रिया म्हणजे अगदी उलट. कमी बोलणारी, आकड्यांना पक्की, पाथरीजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येऊन पदव्युत्तर पास झालेली. तिचा विषय सोयाबीनला गंधक आणि जस्त किती द्यावं हा. ताडकळस, पाथरी आणि चुडावा अशा तीन गावांत शेतकऱ्यांच्या रानात वाफे टाकून तिनं प्रयोग केला. प्रत्येक गावात काही वाफ्यांना कमी मात्रा, काहींना जास्त, आणि काही वाफे कोरे. कोरे म्हणजे त्यांना काहीच द्यायचं नाही, बाकीच्यांची तुलना त्यांच्याशी करायची.

नांदेडच्या एका महाविद्यालयानं तिला नोकरी देऊ केली होती, पण जूनपर्यंत प्रबंध सादर झाला पाहिजे ही अट. आणि आमच्याकडे प्रबंध सादर करायचा तर निदान एक शोधनिबंध एखाद्या नियतकालिकात स्वीकारला गेलेला हवा. म्हणजे सगळं त्या एका निबंधावर अडकलं होतं. वडील ऊसतोडीच्या टोळीत, घरात पहिली नोकरी हिची येणार. पोरगी एका शब्दानं बोलायची नाही, पण मार्च उजाडला तसे तिच्या डोळ्यांखाली काळे डाग दिसायला लागले होते. मला ते बघवत नव्हतं.

मार्चमध्येच नियतकालिकाचं पत्र आलं. दोन रिव्ह्यूअरांची, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांची, मतं आणि वर संपादकाचा निर्णय, मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवा, मुदत दोन महिने. पत्र रामकिशनच्या नावानं आलं होतं. रामकिशन संघप्रियाला म्हणाला, तू थांब, मी त्याचा सारांश काढतो, काय करायचंच आहे, काय केलं तर बरं आणि निकाल काय लागेल ते. चांगली पद्धत आहे, मीच शिकवलेली. पहिल्या वाचनात राग येतो, दुसऱ्या वाचनात रडू येतं, म्हणून तिसऱ्या वाचनात तीन रकाने करायचे.

आठवडा गेला तरी सारांश येईना. मग मीच त्याच्या खोलीत गेले. टेबलावर कागदांचा पसारा, आणि भिंतीला चिकटवलेला एक भलामोठा तक्ता. 'करावेच लागेल' या रकान्यात खालपर्यंत खच्चून भरलेलं. 'केले तर बरे' हा रकाना कोरा करकरीत. 'संभाव्य निर्णय' याच्यासमोर लिहिलं होतं, 'त्यांच्या मर्जीवर'.

मी वाचायला लागले आणि माझं डोकं तापायला लागलं. पहिल्या रिव्ह्यूअरनं म्हटलं होतं प्रस्तावना फार लांब आहे, कापा. दुसऱ्यानं म्हटलं होतं प्रस्तावना त्रोटक आहे, वाढवा. रामकिशननं दोन्ही गोष्टी 'करावेच लागेल'मध्ये घेतल्या होत्या आणि प्रस्तावना आधी वाढवून मग कापली होती. ती जशीच्या तशी परत पहिल्या लांबीला आली होती, त्यात त्याचे तीन दिवस गेले होते. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं, लेखकांनी भविष्यात बागायती जमिनीवरही हा प्रयोग करून बघावा. तर या पठ्ठ्यानं ताडकळसला एकाची विहिरीची जमीन बघून ठेवली होती. मुदत दोन महिन्यांची आणि हा सोयाबीनचं नवीन पीक काढायला निघालेला, तेही उन्हाळ्यात. भाषा एखाद्या इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाकडून तपासून घ्यावी, असंही कुणीतरी म्हटलं होतं. रामकिशन परभणीत इंग्रज शोधत होता. स्टेशनवर विचारून आला होता म्हणे.

आणि शेवटी, 'निबंध वाचताना आनंद वाटला' हे वाक्यसुद्धा त्यानं 'करावेच लागेल'मध्ये घातलं होतं. त्यासमोर उपाय, 'आनंद टिकवून ठेवणे'.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "म्याडम, येवढ्या मोठ्या माणसांनी येळ काढून वाचलं. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा का?"

मी खुर्चीत बसले. रागानं बसले. पण खरा गोंधळ पुढेच होता. चुडाव्याच्या आकड्यांवरून दोघा रिव्ह्यूअरांचं जुंपलं होतं. चुडाव्यात कोऱ्या वाफ्यांचं उत्पन्न सगळ्यात जास्त आलं होतं, काहीही न दिलेल्या वाफ्यांचं. पहिला रिव्ह्यूअर म्हणत होता, हे शक्यच नाही, याचं कारण द्या नाहीतर हे गाव निबंधातून काढा. दुसरा म्हणत होता, हाच तर या निबंधातला सगळ्यात रोचक भाग आहे, चुडाव्याला मध्यवर्ती करा, शीर्षकातही घाला.

रामकिशननं यावर तोडगा काढला होता. तक्त्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, चुडाव्याचे निम्मे आकडे ठेवावेत.

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. तो उत्साहानं समजावून सांगायला लागला. दोघं भांडायलेत, दोघांचा मान राहिला पाहिजे, बांधावरून भांडण झालं की आमच्याकडे बांध मधोमध घालतात. चुडाव्यात कोरे वाफे तीन होते, त्यातला दीड ठेवायचा.

"दीड वाफा?" मी म्हणाले.

"एक पूर्ण, आन एकाची सरासरी अर्धी."

अरे देवा. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आकडे कुणाच्या मानासाठी ठेवत किंवा काढत नसतात, याला लबाडी म्हणतात, एवढंच सांगते. त्याचे डोळे पाण्यानं भरले. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

तेवढ्यात संघप्रिया आली. दारात उभी राहून तिनं तक्ता वाचला, वरपासून खालपर्यंत, चेहरा न हलवता. मग म्हणाली, "सर, संपादकाचं पत्र कुठंय?"

रामकिशन म्हणाला, ते काय, वरचं पाकीट. तिकडं त्यानं बघितलंच नव्हतं. त्याच्या हिशोबानं संपादक म्हणजे लग्नातला मध्यस्थ, चहा पिऊन निरोप पोचवणारा. खरे पाहुणे ते रिव्ह्यूअर. मला हसू आलं आणि रडूही. अरे, रिव्ह्यूअर सल्ला देतात, निर्णय संपादकाचा असतो. दोन रिव्ह्यूअर दोन दिशांना ओढत असले तर संपादक काय म्हणतो तेच आधी वाचायचं. हे मी ह्याला शिकवलं होतं. शिकवलं होतं ना मी? पदव्युत्तरच्या वर्गात, दुपारच्या तासाला. त्यावेळी हा कुणाच्या तरी वाढदिवसाचे पेढे वाटत असणार.

संघप्रियानं पत्र मोठ्यानं वाचलं. संपादकानं अगदी सरळ लिहिलं होतं. चुडाव्याबाबत दोन्ही रिव्ह्यूअरांची मतं परस्परविरुद्ध आहेत. तिथल्या कोऱ्या वाफ्यांचं उत्पन्न का वाढलं याचं खात्रीलायक कारण लेखकांनी द्यावं, ते मिळालं नाही तर हा निबंध पुढे नेता येणार नाही. तिन्ही गावांचं विश्लेषण वेगवेगळं न करता एकत्र करावं. पेरणीपूर्वीच्या माती परीक्षणाचे आकडे जोडावेत. बाकी सूचनांचा लेखकांनी योग्य तो विचार करावा.

मग आम्ही तिघं बसलो आणि तक्ता फाडून नवा केला. करायचंच आहे ते तीनच, जे संपादकानं म्हटलं तेच. पहिल्या रिव्ह्यूअरच्या बऱ्याच गोष्टी त्यातच बसत होत्या. केलं तर बरं यात आलेखाचे रंग, शीर्षक आणि भाषा तपासणी. प्रस्तावना आहे तशी ठेवायची आणि का ठेवली ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं चार निबंधांचे संदर्भ द्यायला सांगितले होते, चारही एकाच माणसाचे. मी रामकिशनला म्हणाले, हा माणूस कोण असेल ते ओळख. त्याला ओळखता आलं नाही. अरे, तो रिव्ह्यूअर स्वतःच! त्यातला एक संदर्भ खरंच लागू पडत होता, तो घ्यायचा, बाकीचे का घेतले नाहीत ते सभ्यपणे सांगायचं. बागायती प्रयोग पुढच्या संशोधनात, म्हणजे एका वाक्यात.

संभाव्य निर्णयापुढे मी लिहिलं, चुडाव्याचं खरं कारण सापडलं तर किरकोळ सुधारणा आणि मग स्वीकार. नाही सापडलं तर नकार. संघप्रियानं ती ओळ बराच वेळ बघितली.

माती परीक्षणाचे आकडे तिच्या लॅपटॉपवर होतेच. रामकिशन म्हणत होता, चुडाव्याचं रान कसदार आहे, त्याच्या मामाचं आहे, म्हणून पीक आलं असेल. तिनं आकडे उघडून दाखवले. चुडाव्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब तिन्ही गावांत सगळ्यात कमी होता. कसदार कसलं, तिन्हींत गरीब. आणि एकत्र विश्लेषणात तर चुडावा असा उलटा पडला की त्याला घेऊन तिन्ही गावांचा एक निष्कर्ष काढणंच चूक ठरत होतं.

मग उरला एकच मार्ग. चुडाव्याला जाऊन सटवाजी मामांना विचारायचं.

रामकिशनचा चेहरा पडला. सख्खा मामा. आणि आमच्याकडे मामा-भाच्याचं नातं असं की वयानं दुप्पट मामासुद्धा भाच्याच्या पाया पडतो, भाचा म्हणजे देवाच्या जागी. त्याच मामानं भाच्याच्या प्रयोगाला फुकट रान दिलेलं. त्याला जाऊन म्हणायचं, तुम्ही काय घोटाळा केला? रामकिशन म्हणाला, मला जमायचं न्हाई. त्याच्या तोंडून आयुष्यातला पहिला नकार आला आणि तोही चुकीच्या ठिकाणी. मी म्हणाले, चल, मी येते. संघप्रियाही निघाली.

पॅसेंजरनं चुडावा स्टेशनवर उतरलो तेव्हा सटवाजी मामा फलाटावरच उभे होते. धोतर, पांढरी टोपी, हातात नारळ. रामकिशन खाली उतरायच्या आत त्यांनी त्याच्या पायांना हात लावला. घरी गेल्यावर मामीनं पाय धुतले, टॉवेल दिला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. दही संपलं तर शेजारून आणलं. मी वाट बघत होते. रामकिशन खात होता. एकदा त्यानं तोंड उघडलं तर मामीनं त्यात धपाटा घातला, अक्षरशः.

जेवण झालं, सुपारी झाली, मामांनी गावच्या सप्त्याची हकीकत सांगितली, गोठ्यातली नवी कालवड दाखवली. ऊन कलायला लागलं. शेवटची गाडी गेली तर आम्ही तिथेच राहणार हे मला दिसत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात संघप्रियानं मला हातानं थांबवलं. ती रामकिशनकडे बघून हळूच म्हणाली, "सर, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. तुम्ही विचारा."

पहिल्यांदाच तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. आणि मागितलेलं नाकारणं तर रामकिशनला येतच नाही. दोन बाजूंनी दोन माणसं ओढतायत आणि मधोमध बांध घालता येत नाही, हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. घामाघूम झाला. मग मान खाली घालून म्हणाला, "मामा, त्या कोऱ्या वाफ्यांला तुमी कायी दिलं होतं का?"

मामांचा चेहरा खुलला. कुणीतरी विचारायचीच वाट बघत होते जणू.

"दिलं की. समद्या वाफ्यांला तुमी दिलं, ह्या तिघांलाच कायी न्हाई. मला रातच्याला झोप येईना. भाच्याचा वाफा आन उपाशी? मी घरचं शेणखत घातलं, लेंडीखत घातलं, वरून एक पोतं डीएपी. पाणीबी दिलं, हंड्यानं. लय तरारलं ना?"

संघप्रियानं डोळे मिटले. दीड वर्ष तिनं त्या आकड्यांवर डोकं फोडलं होतं, मातीचे नमुने पुन्हा तपासले होते, जिवाणू शोधले होते. दुसरा रिव्ह्यूअर ज्याला रोचक म्हणत होता तो म्हणजे मामांच्या हंड्याचं पाणी.

रामकिशननं विचारलं, "मामा, पण मला का सांगितलं न्हाई?"

"तुमी विचारलं न्हाई. आन देऊ नका म्हणूनबी सांगितलं न्हाई." मामांनी शांतपणे सुपारी कातरली. "सांगितलं आसतं तर हात लावला आसता का मी?"

खरंच होतं ते. संघप्रियानं पेरणीच्या वेळी दोनदा म्हटलं होतं, सर, मामांना सांगा की कोऱ्या वाफ्यांना काही द्यायचं नाही. रामकिशन दोन्ही वेळा हो म्हणाला होता. पण मामा वडीलधारे, त्यांच्याच रानात उभं राहून त्यांना हे करू नका म्हणायचं कसं, म्हणून त्यानं दोन्ही वेळा चहा घेतला आणि परत आला. परतीच्या गाडीत त्यानंच हे कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून उत्तराचं पत्र लिहायला बसलो. प्रत्येक सूचनेखाली आमचं उत्तर, कुठे बदल केला तो पान-ओळीसकट. संघप्रियानं चुडाव्याला मुख्य निष्कर्षातून काढलं, पण लपवलं नाही. तिथले सगळे आकडे पुरवणीत जोडले, चुडाव्यासह आणि चुडाव्याशिवाय अशी दोन्ही विश्लेषणं दाखवली आणि का काढलं ते लिहिलं. निष्कर्ष आता दोन गावांपुरता, पण घट्ट. शीर्षकातले 'तीन' जाऊन 'दोन' आले.

दुसऱ्या रिव्ह्यूअरला उत्तर लिहायची वेळ आली तेव्हा रामकिशननं कीबोर्ड संघप्रियाकडे सरकवला. तिनं तो परत त्याच्याकडे सरकवला. नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक तोच होता. चुडाव्याला मध्यवर्ती करा ही सूचना आम्हाला मान्य करता येत नाही, एवढंच लिहायचं होतं. त्यानं आधी लिहिलं, सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत. ठीक. मग लिहिलं, सूचनेचा आम्ही आदर करतो. तेही ठीक. मग लिहिलं, सूचना शिरसावंद्य मानून. मी ओरडले. त्यानं खोडलं.

मग एकदम, श्वास रोखून, त्यानं टाईप केलं. ही सूचना आम्ही स्वीकारू शकत नाही. कोऱ्या वाफ्यांना शेतकऱ्यानं शेणखत, लेंडीखत, डीएपी आणि पाणी दिलं. तसं करू नये अशी सूचना त्यांना देण्यात आली नव्हती. ही चूक लेखक रामकिशन यांची आहे.

शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. संघप्रियानंही नाही. त्यानं पत्र पाठवलं आणि नंतर तासभर मोबाईल पालथा घालून बसला, रिव्ह्यूअर फोन करून रागावेल म्हणून.

मे महिन्यात उत्तर आलं. किरकोळ सुधारणा, दोन तक्त्यांची मांडणी. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं, माझी आवडती गोष्ट निबंधातून गेली याचं दुःख आहे, पण असं कारण सांगणारे लेखक मला फार कमी भेटले, माझी आणखी कोणतीही सूचना नाही. रामकिशन ते वाक्य दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरला. म्हणत होता, म्याडम, न्हाई म्हणलो आन माणूस रागावला न्हाई. त्याला हे खरंच नवीन होतं. पुढच्या पंधरवड्यात निबंध स्वीकारला गेला, संघप्रियाचा प्रबंध सादर झाला आणि जूनच्या शेवटी ती नांदेडला रुजू झाली. निघताना तिनं माझे पाय धरले. मी तिला रागावले आणि मग मिठी मारली.

जुलैत रामकिशननं चुडाव्याला नवा प्रयोग टाकला, दुसऱ्या विद्यार्थिनीचा, आणि या वेळी मलाही सोबत नेलं. वाफे आखून झाले, कोऱ्या वाफ्यांवर पांढऱ्या काठ्या रोवल्या. सटवाजी मामा बांधावर टोपली घेऊन उभे होते, टोपलीत शेणखत. रामकिशन त्यांच्याकडे चालत गेला. पाय जड झालेले लांबूनही दिसत होते.

"मामा, न्हाई," तो म्हणाला. "ह्या वाफ्यांला कायी द्यायचं न्हाई."

मामांनी टोपली खाली ठेवली. रागावले नाहीत, भाच्याच्या पाया पडले. मग कोऱ्या वाफ्याकडे बघत काळजीनं म्हणाले, "आन त्येला वाईट वाटलं तर?"

रामकिशननं वाफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा दीड टोपलीवर तडजोड करणार.

"त्याला मी समजावून सांगतो," तो म्हणाला, आणि खरोखर त्या वाफ्यापाशी जाऊन खाली बसला.